प्रकल्पवर्ष आणि वित्तीय वर्ष

भारतात शासनाचे वित्तीय वर्ष 1 एप्रिलला सुरू होऊन 31 मार्चला संपते. प्रकल्प मात्र मंजुरी मिळेल तेव्हा सुरू होतो. 1 ऑक्टोबर 2022 रोजी सुरू झालेला तीन वर्षांचा प्रकल्प घेऊ. त्याची प्रकल्पवर्षे तीन असली, तरी तो चार वित्तीय वर्षांत विभागला जातो. पहिल्या व अखेरच्या वित्तीय वर्षात त्याचे सहा-सहा महिनेच येतात.

पहिल्या प्रकल्पवर्षाचा खर्च 18 लाख रुपये आहे, पुढील दोहोंचा प्रत्येकी 8 लाख. प्रत्येक वर्षाची रक्कम निम्मी करून मांडल्यास 2022-23 च्या वाट्याला 9 लाख येतात. परंतु त्या 18 लाखांपैकी 10 लाख यंत्रसामग्रीचे असून ती आरंभीच घ्यावयाची आहे. उरलेले 8 लाख तेवढे वर्षभर समप्रमाणात खर्च होतात. म्हणून पहिल्या सहामाहीची खरी गरज 14 लाखांची ठरते. चार वित्तीय वर्षांची मागणी अनुक्रमे 14, 8, 8 आणि 4 लाख अशी होते. तिची बेरीज 34 लाख, म्हणजे प्रकल्पवर्षांच्या बेरजेइतकीच आली पाहिजे.

यंत्रे एप्रिलमध्ये पोहोचली, तर बेरीज बिघडत नाही. पण संसदेने त्या वर्षापुरती मंजूर केलेली, 31 मार्चपर्यंत खर्च न झालेली रक्कम व्यपगत होते. म्हणून खर्च कोणत्या महिन्यात द्यावा लागेल, हे आधी ठरवून मगच वर्षांची वाटणी करावी.