बांगडीच्या गोलातले दाणे

कोपराच्या टोकापासून वर एक वीत मोजली, तिथे काचेची बांगडी टेकवली आणि तिच्या आतल्या कडेने बॉलपेन फिरवलं. भाचीच्या दोन्ही दंडांवर असे दोन गोल काढले. मग खोलीतला दिवा घालवून मोबाइलची बॅटरी दंडाला जवळजवळ समांतर धरली. समोरून उजेड टाकला तर तिच्या दंडांवरचे बारीक दाणे दिसतच नाहीत. तिरक्या उजेडात मात्र प्रत्येकाची सावली पडते आणि मोजता येतं. डाव्या गोलात ६१ दाणे भरले, उजव्यात ५८. नोव्हेंबरचा दुसरा आठवडा होता आणि फेब्रुवारीत घरात लग्न होतं. भाचीला बिनबाह्यांचा ब्लाउज घालायचा होता.

सतरा वर्षांच्या या मुलीने आठवीपासून पूर्ण बाह्या सोडल्या नव्हत्या. मैत्रिणी तिच्या दंडाला ‘चिकन स्किन’ म्हणत. घरात कुणी सांगे, मळ साचलाय, वज्रीने घास. कुणी म्हणे, उष्णता आहे, सब्जा घे. शेवटी मी तिला त्वचेच्या डॉक्टर मॅडमकडे नेलं. त्यांनी दंडावरून एकदा हात फिरवला आणि नाव सांगितलं, केराटोसिस पिलारिस. नंतर डर्मोस्कोप टेकवून त्याच्या पडद्यावर आम्हाला एकच दाणा दाखवला. केस जिथून बाहेर येतो त्या छिद्राच्या तोंडाशी पांढुरकं बूच होतं. बुचाखाली बारीक केस घड्याळाच्या स्प्रिंगसारखा गुंडाळी होऊन बसला होता. भोवती तपकिरी कडं होतं.

ते बूच केराटिनचं, म्हणजे नखं-केस ज्या प्रथिनाचे बनतात त्याचंच. त्वचेच्या वरच्या मेलेल्या पेशी एरवी सुट्या होऊन गळून जातात. इथे छिद्राच्या तोंडाशी त्या एकमेकींना चिकटून राहतात आणि थर साचत जातो. यात मळाचा काही संबंध नाही, म्हणूनच घासून काही होत नाही. हे बहुतेकदा आनुवंशिक असतं. मॅडम हे सांगत असतानाच मी ओढणीखाली स्वतःच्या दंडाला हात लावला. माझ्याही दंडावर दाणे होते, विरळ आणि मऊ पडलेले. तिशीनंतर अनेकांचे आपोआप कमी होतात.

“हे बरं होतं का?” भाचीने विचारलं. मॅडम म्हणाल्या, “खरखर कमी होते. डाग हळूहळू फिके होतात. पण क्रीम सोडलं की दाणे परत येतात. एवढं मान्य असेल तर सुरू करू.”

औषध दिलं ते साधंच, २० टक्के युरिया आणि थोडं लॅक्टिक अॅसिड असलेलं क्रीम. युरिया कमी प्रमाणात असेल तर त्वचेत पाणी धरून ठेवतो. २० टक्क्यांच्या आसपास तो केराटिन मऊ आणि सैल करतो. लॅक्टिक अॅसिड पेशींना चिकटवून ठेवणारे धागे सोडवतं. म्हणजे बूच उपटायचं नाही, विरघळू द्यायचं. मी एक विनंती केली, औषध फक्त डाव्या दंडाला लावू आणि उजव्याला साधं मॉइश्चरायझर. थंडीने काय होतंय आणि औषधाने काय, ते त्याशिवाय कळणार नव्हतं. मॅडमना पटलं.

कोमट पाण्याने अंघोळ करायची, टॉवेलने फक्त टिपायचं आणि कातडी ओलसर असतानाच क्रीम लावायचं. तर्जनीच्या पहिल्या पेरावर मावेल तेवढी क्रीमची रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम. दंडाच्या बाहेरच्या बाजूला तेवढं पुरतं, महिन्याला एका दंडाचे १५ ग्रॅम होतात. पहिले दोन आठवडे एक दिवसाआड, मग रोज. वॅक्सिंग केलं असेल त्या दिवशी अजिबात नाही, फार झोंबतं.

तिसऱ्या आठवड्यात घोटाळा झालाच. बोटाला काही फरक जाणवेना म्हणून भाचीने सकाळ-संध्याकाळ क्रीम लावलं आणि मध्ये एकदा घासणीने डावा दंड खसाखसा घासला. रात्री तिचा फोन आला, “मावशी, आग आग होतेय.” दाण्यांभोवती लाली आली होती आणि दोन ठिकाणी कातडी सोलली होती. पाच दिवस सगळं बंद ठेवून नुसती पेट्रोलियम जेली लावली. लाली गेली, पण सोललेल्या जागी तपकिरी ठिपके उरले. आपल्या सावळ्या कातडीचा हा स्वभाव आहे. जिथे दाह होतो तिथे रंग साचतो आणि तो उतरायला कित्येक महिने लागतात. दंडावरचे जे डाग मुली क्रीमने घालवू पाहतात, त्यांतले बरेचसे आधीच्या घासण्या-खुडण्यानेच आलेले असतात. पुन्हा सुरुवात केली ती दिवसाआडचीच, आणि तीच पुढे कायम ठेवली.

सहाव्या आठवड्यात तिने डोळे मिटून दोन्ही दंडांवरून तळवा फिरवला आणि कुठला डावा ते तिला न बघता सांगता आलं. आरशात मात्र दोन्ही सारखेच दिसत होते. बदल आधी हाताला कळतो, डोळ्याला फार उशिरा. बहुतेकजणी इथेच कंटाळून ट्यूब टाकून देतात.

बाराव्या आठवड्यात पुन्हा बांगडी, पुन्हा तिरका उजेड. डावा २४, उजवा ४६. नुसत्या मॉइश्चरायझरनेही उजव्याचे बारा दाणे कमी झाले होते, हे मला महत्त्वाचं वाटलं. डाव्या दंडावर उरलेले दाणेही चपटे होते, बोट अडखळत नव्हतं. तपकिरी ठिपके मात्र थोडेसेच फिके झाले होते. लग्नात तिने तो ब्लाउज घातला. फोटोत ठिपके दिसतात, खरखर दिसत नाही.

लग्नाआधी एका पार्लरने तिला लेझरचं पॅकेज सुचवलं होतं, ‘कायमचं गुळगुळीत’ म्हणून. मी मॅडमना विचारलं. केस काढण्याच्या लेझरने आतला गुंडाळलेला केस जातो, त्यामुळे काहींची खरखर खरंच कमी होते. पण त्यासाठी अनेक बैठका लागतात, लाली आणि डाग त्याने हटतीलच असं नाही, आणि सावळ्या कातडीवर हात चुकला तर भाजून नवे डाग पडतात. ‘कायमचं’ हा शब्द त्यांनी खोडूनच टाकला. दुकानदाराने परस्पर दिलेल्या स्टेरॉइड मिसळलेल्या क्रीमबद्दल त्या जास्त कडक बोलल्या. त्याने आठवडाभर लाली दबते, पण महिनोन्‌महिने लावलं तर कातडी पातळ होते.

दाणे खूप खाजत असतील, पू धरत असेल किंवा एकाच बाजूला असतील, तर ते दुसरं काही असू शकतं. कोपर-गुडघ्यांवर काटेरी दाणे आणि सोबत संधिप्रकाशात कमी दिसणं असेल, तर अ जीवनसत्त्वाची कमतरता तपासावी लागते. अशा वेळी क्रीम लावत बसू नये.

मार्चमध्ये परीक्षा आली आणि ट्यूब कपाटात गेली. सहा आठवड्यांनी तिने स्वतःच बांगडी काढून डावा दंड मोजला आणि मला आकडा पाठवला, ४१. मॅडमनी सांगितलं होतं तसंच. आता ती सोमवारी आणि गुरुवारी अंघोळीनंतर दोन्ही दंडांना क्रीम लावते. परवा आजीच्या शेजारी बसून तिने आजीचा दंड चाचपला, तो साफ होता. आजी म्हणाली, “तुझ्या वयाची असताना माझेही होते गं. पोलक्याच्या बाह्या कोपरापर्यंत असायच्या, कुणाला दिसले नाहीत.”