शिगोशीग चमचा

आमच्या घरी चहाला माणशी एकच चमचा साखर. आई हे येणाऱ्या-जाणाऱ्यांना सांगते आणि मीही डॉक्टरांना तेच सांगत आलो होतो. मग मुलीने केक करायला म्हणून छोटा डिजिटल वजनकाटा आणला. तो ओट्यावर दिसला, तेव्हा सहज आमचा तो 'एक चमचा' त्यावर ओतून पाहिला. आकडा आला ७ ग्रॅम. मग सुरीच्या पाठीने चमचा सपाट करून पुन्हा ओतला, तर ४ ग्रॅम. डब्यातून साखर काढताना आईचा हात नेहमी शिगोशीग भरून येतो. धान्य मोजायची जुनी सवय, दुसरं काय!

साखरेच्या सगळ्या मर्यादा त्या सपाट, चार ग्रॅमच्या चमच्यात सांगितलेल्या असतात, म्हणून हा फरक महत्त्वाचा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितलं, की दिवसभरातल्या एकूण उष्मांकांपैकी दहा टक्क्यांपेक्षा कमी उष्मांक 'मुक्त' साखरेतून यावेत आणि पाच टक्क्यांच्या खाली राहता आलं तर अधिक चांगलं. हिशेब सोपा आहे. दिवसाचे २००० उष्मांक धरले तर दहा टक्के म्हणजे २००. एक ग्रॅम साखरेतून ४ उष्मांक मिळतात, म्हणजे ५० ग्रॅम, साधारण बारा चमचे. पाच टक्क्यांचे २५ ग्रॅम, म्हणजे सहा चमचे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४च्या आहार मार्गदर्शिकेत भारतीयांसाठी हाच २५ ग्रॅमचा आकडा धरला आहे. लहान मुलाचा आहारच कमी, त्यामुळे त्याचे चमचेही कमी. १२०० उष्मांक खाणाऱ्या मुलाच्या वाट्याला पाच टक्क्यांच्या हिशेबाने चारही चमचे येत नाहीत.

पाच टक्क्यांचा सल्ला संघटनेने थोडा हात राखून दिलाय, कारण त्यामागचा पुरावा मुख्यतः दातांचा आहे आणि तो तितका भक्कम नाही. दुसऱ्या महायुद्धात जपानमध्ये साखर मिळेनाशी झाली, तेव्हा मुलांचे दात किडण्याचं प्रमाण घटलं, अशा प्रकारची ती निरीक्षणं आहेत. दहा टक्क्यांच्या मर्यादेचा पाया त्याहून पक्का आहे.

आता 'मुक्त' म्हणजे काय? कारखान्यात, हलवायाकडे किंवा आपल्या स्वयंपाकघरात पदार्थात घातलेली साखर तर आलीच, शिवाय मध, पाक आणि फळांचा रसही आला. अख्खं फळ आणि दुधातली मुळची साखर यात धरत नाहीत. केळं खाल्लं तर मोजायचं नाही, मोसंबी सोलून खाल्ली तरी नाही. पण तिचा रस काढून प्यायलात की मोजायचं, कारण चोथा मागे राहतो आणि तीन-चार मोसंब्यांची साखर दोन मिनिटांत पोटात जाते. गुळाबद्दल आपल्याकडे हळवेपणा आहे. कोल्हापुरी गुळाची चव मलाही प्रिय आहे, पण त्याचा बहुतांश भाग साखरच आहे. आमरसाचं त्रांगडं आहे. त्यात वरून घातलेली साखर मोजायचीच, आणि ब्रिटनमध्ये तर घोटलेल्या गरातली साखरही मुक्तच धरतात.

काटा हाताशी होताच, म्हणून एक पूर्ण दिवस मोजायचं ठरवलं. मुद्दाम साधा दिवस निवडला. सणवार नाही, ताटात गोडधोड नाही, शीतपेय नाही.

घरचे दोन चहा, सकाळ-संध्याकाळ, शिगोशीग चमच्याचे, म्हणजे १४ ग्रॅम. ऑफिसखालच्या टपरीवर दोन कटिंग. टपरीवाल्या मामांना विचारलं तर म्हणाले, "अर्ध्या किलोत ऐंशी कटिंग निघतात." म्हणजे कपाला सव्वासहा ग्रॅम, दोन कपांचे १२. चहात बुडवून चार ग्लुकोज बिस्किटं खाल्ली. पुड्यावर शंभर ग्रॅममागे साखर साधारण २५ ग्रॅम होती आणि एक बिस्कीट काट्यावर ५ ग्रॅम भरलं, म्हणून चारांचे ५ ग्रॅम. पोह्यांत चौघांत मिळून चमचाभर साखर होती, माझ्या वाट्याला एक ग्रॅम. आमटीत सुपारीएवढा गूळ, त्यातले माझे दोन. संध्याकाळच्या सँडविचबरोबर मोठा चमचाभर टोमॅटो सॉस, त्यातून चार. एकूण ३८ ग्रॅम, म्हणजे साडेनऊ चमचे, आणि दिवसभर मी 'गोड काही खाल्लंच नाही'.

यातले २६ ग्रॅम नुसत्या चहातून आले. साखरेचं नाव निघालं की आपल्या डोळ्यांपुढे जिलबी आणि श्रीखंड येतं. श्रीखंडाच्या वाटीत आठ-दहा चमचे सहज असतात हे खरं, पण ती वाटी वर्षातून चार-पाच वेळा. चहा रोज चारदा. त्यात दुपारी एक २५० मिलिलिटरची कोलाची बाटली घेतली असती, तर आणखी २६ ग्रॅम वाढले असते आणि बारा चमच्यांची मर्यादाही मागे पडली असती.

काटा नसेल तर वाण्याच्या बिलावरूनही अंदाज येतो. आमच्या चौघांना महिन्याला अडीच किलो साखर लागते. २५०० भागिले चार माणसं भागिले तीस दिवस, की माणशी रोज २१ ग्रॅम. पंचविसातले एकवीस डब्यातूनच गेले. बिस्किटं, सॉस आणि टपरी या बिलात नाहीतच.

त्यांच्यासाठी पुडा उलटा करून वाचावा लागतो. आपल्याकडच्या लेबलवर 'टोटल शुगर्स' आणि 'अ‍ॅडेड शुगर्स' अशा दोन ओळी असतात. साध्या दह्याच्या डब्यावर पहिल्या ओळीत चार-पाच ग्रॅम दिसले तर घाबरू नये, ती दुधाची साखर. ग्रॅमला चाराने भागलं की चमचे मिळतात. मात्र दोन ठिकाणी फसगत होते. एक म्हणजे तिथली टक्केवारी ५० ग्रॅमच्या मानाने काढलेली असते. '२० टक्के' वाचून वाटतं थोडीच आहे, पण सहा चमच्यांच्या हिशेबाने ती ४० टक्के असते. दुसरं म्हणजे खोक्यातला फळांचा रस. 'नो अ‍ॅडेड शुगर' हे त्यावरचं वाक्य खरं असतं, पण आतली सगळी साखर मुक्तच असते.

पुढच्या आठवड्यात मी पुन्हा मोजलं. घरी सपाट चमचा, दोन चहांचे ८ ग्रॅम. टपरीवर "साखर कमी" म्हणून पाहिलं, पण तिथे सगळा चहा एकाच पातेल्यात उकळतो, मामा तरी काय करणार! म्हणून दोनऐवजी एकच कटिंग, ६. बिस्किटं दोन, अडीच. सॉसऐवजी पुदिन्याची चटणी. पोहे आणि आमटी होती तशीच, कारण त्या तीन ग्रॅमवाचून आमटीला आमटी म्हणता येणार नाही. साडेएकोणीस ग्रॅम झाले, पाच चमच्यांच्या आत.

आईला सपाट चमचा अजून पटलेला नाही. पाहुण्यांपुढे तिने मला चहा करायची बंदी घातली आहे.