काढलेली वर्षं, उरलेली वर्षं

"बावीस वर्षं काढली, आता कुठे सोडायचं?" हे वाक्य आपण घरोघरी ऐकतो. ते ऐकायला समजूतदार वाटतं, पण त्यात पुढच्या एका दिवसाबद्दलही शब्द नाही.

अर्थशास्त्रात याला बुडीत खर्च म्हणतात. काहीही ठरवलं तरी जो परत मिळणार नाही, तो बुडीत खर्च. हॅल आर्क्स आणि कॅथरीन ब्लूमर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 1985 मध्ये एक प्रयोग मांडला. नाटकांच्या हंगामाचा पास काहींना पूर्ण किमतीत, तर काहींना सवलतीत दिला. नाटकं तीच होती, तरी पूर्ण पैसे मोजलेले लोक पहिल्या काही महिन्यांत जास्त वेळा गेले. दिलेले पैसे वाया जाऊ नयेत, एवढ्यासाठी.

संसारात मोजलेलं पैशांपेक्षा खूप जास्त असतं, म्हणून ही ओढही जबर असते. एक उदाहरण घेऊ. अठ्ठेचाळीस वर्षांची बाई, लग्नाला बावीस वर्षं. मारहाण नाही, पण घरात बोलणंही उरलेलं नाही. राहण्याची कारणं ती वहीत लिहिते: बावीस वर्षं, सोडलेली नोकरी, सासूबाईंच्या आजारपणात केलेली सेवा, फ्लॅटसाठी मोडलेले दागिने, बारावीतली मुलगी. आता प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारायचा: मी राहिले किंवा गेले, तर यात काही बदलेल का?

वर्षं, नोकरी आणि सेवा दोन्हीकडे तशीच राहतात. त्या ओळींवर काट मारायची. ते कष्ट खोटे होते म्हणून नाही. राहिल्याने ते वसूल होत नाहीत, म्हणून. दागिने मोडले तेही मागे गेलं, पण फ्लॅट आज उभा आहे. तो कोणाच्या नावावर आहे, कर्ज किती उरलंय, हे वकिलाला विचारण्याचे प्रश्न आहेत. मुलीची परीक्षा तर खरोखर पुढची गोष्ट आहे. पण ती परीक्षेपुरतं थांबण्याचं कारण आहे, जन्मभराचं नाही.

इथे एक चूक हमखास होते. भूतकाळ पुसायचा म्हणून सगळाच पुसला जातो. मागची वर्षं खर्च म्हणून निरुपयोगी असली, तरी पुरावा म्हणून मोलाची असतात. पूर्वी भांडणानंतर दोघं सावरली होती का? समुपदेशकाकडे जायला तो तयार झाला होता का? आजारपणात तो उशाशी बसला होता का? यावरूनच पुढचा अंदाज येतो. अशा ओळी वहीत सापडल्या, तर राहण्याचा निर्णयही तितकाच खरा ठरतो.

जिथे हात उगारला जातो, तिथे मात्र ही वही उघडायचीच नाही. तिथे आधी सुरक्षित जागा गाठायची.

बाकीच्यांना एवढंच सांगणं आहे: भांडणाच्या रात्री वही लिहू नका, आणि लिहिली तर महिन्याभराने पुन्हा वाचा. काट मारल्यावर उरलेल्या ओळी तेव्हाही त्याच असतील, तर त्यांच्यावर भरवसा ठेवा.