बिल्डरला पत्र लिहिताना

ताबा रखडला आणि घरही नकाशाप्रमाणे नाही, म्हणून चिडून लिहिलेल्या पत्रात बहुतेक जण दोन्ही तक्रारी एकत्र कालवतात. बिल्डर मग सोयीच्या मुद्द्याला उत्तर देतो आणि दुसरा टाळतो. दोन्ही तक्रारींचे पुरावे आणि कायद्यातली कलमं वेगळी आहेत, म्हणून पत्रात त्यांना स्वतंत्र परिच्छेद द्यावेत.

विलंबाचा आधार म्हणजे नोंदणीकृत करारनाम्यातली ताब्याची तारीख. महारेराच्या संकेतस्थळावर बिल्डरने प्रकल्पाची मुदत वाढवून घेतली, तरी तुमच्या करारातली तारीख आपोआप पुढे सरकत नाही. रेरा कायदा, २०१६ च्या कलम १८ नुसार घर सोडून पैसे व्याजासह परत मागता येतात, किंवा घर ठेवून ताबा मिळेपर्यंत दरमहा व्याज मागता येतं. यातलं काय हवं ते पत्रात स्पष्ट लिहावं.

महाराष्ट्रात हा व्याजदर स्टेट बँकेच्या सर्वोच्च एमसीएलआरवर २ टक्के असा ठरतो. समजा, करारात ताबा ३१ डिसेंबर २०२३ ला होता, तोवर तुमचे ६० लाख भरून झाले होते आणि पत्र ३० जून २०२५ चं आहे. दर ११ टक्के धरला, तर महिन्याचे ५५ हजार, म्हणजे १८ महिन्यांचे ९ लाख ९० हजार होतात. हा हिशेब पत्रातच मांडला की मागणी मोघम राहत नाही.

बदलांसाठी करारनाम्याला जोडलेला मंजूर नकाशा काढा आणि टेप घेऊन साइटवर जा. ‘किचन लहान केलं’ असं लिहून भागत नाही. ‘मंजूर नकाशात ड्राय बाल्कनीची रुंदी १.२० मीटर, प्रत्यक्षात ०.९० मीटर, फोटो सोबत जोडले आहेत’ असं लिहिलं की बिल्डरला मोजमापावरच बोलावं लागतं. कलम १४ नुसार तुमच्या फ्लॅटमध्ये तुमच्या संमतीविना बदल करता येत नाही. इमारतीच्या आराखड्यात किंवा सामाईक जागेत बदल करायचा, तर दोन तृतीयांश खरेदीदारांची लेखी संमती लागते. अधिकृत आर्किटेक्ट किंवा इंजिनिअरने तपासून शिफारस केलेल्या, तांत्रिक कारणाच्या किरकोळ बदलांना मात्र सूट आहे, पण त्याची माहिती खरेदीदाराला द्यावी लागते. म्हणून त्या शिफारशीची प्रत पत्रातच मागा.

शेवटी उत्तरासाठी, समजा, १५ दिवसांची मुदत द्या. पत्र पोचपावतीसह टपालाने आणि ईमेलनेही पाठवा.

सर्वांत मोठा धोका चावी घेताना असतो. ‘माझी कोणतीही तक्रार नाही’ असं छापलेला कागद बिल्डर पुढे करतो. त्यावर तशीच सही केली, तर व्याजाची आणि बदलांची मागणी तुम्ही सोडून दिली असा दावा तो पुढे करू शकतो. आधी भोगवटा प्रमाणपत्र पाहा आणि सही करायचीच, तर ‘माझ्या अमुक तारखेच्या पत्रातले हक्क राखून’ असं हाताने लिहून करा.