पंखा थांबलेला, तरी लॅपटॉप किरकिरतो

घर शांत झालं की काही लॅपटॉपमधून बारीक, तीक्ष्ण किरकिर ऐकू येते. पंखा थांबलेला असतो आणि आत एसएसडी असल्यामुळे फिरणारी डिस्कही नसते. स्क्रीनवरचं पान वर-खाली सरकवलं की आवाज सुरू होतो, बोट उचललं की बंद. नवा लॅपटॉप घेतलेल्याला वाटतं, आत काहीतरी जळतंय. बहुतेक वेळा तसं नसतं. या आवाजाला ‘कॉइल व्हाइन’ म्हणतात आणि तो वीजपुरवठ्याच्या भागातून येतो.

अॅडॅप्टर लॅपटॉपला साधारण १९-२० व्होल्ट देतो, पण प्रोसेसरला लागतो जेमतेम एक व्होल्ट, आणि करंट मात्र भरपूर. हे उतरवण्याचं काम मदरबोर्डवर प्रोसेसरच्या शेजारी बसवलेल्या छोट्या चौकोनी कॉइल आणि त्यांच्याजवळचे कपॅसिटर करतात. तिथले इलेक्ट्रॉनिक स्विच सेकंदाला काही लाख वेळा चालू-बंद होतात. माणसाचा कान फार तर २० हजार कंपनांपर्यंत ऐकतो, म्हणजे खरं तर हे काम आपल्याला ऐकू यायलाच नको.

ते ऐकू येतं, त्याचं कारण वीज वाचवण्याच्या युक्तीत आहे. आजचा प्रोसेसर काम नसलं की क्षणार्धात झोपतो आणि काम आलं की उठतो. प्रत्येक वेळी उठताना तो करंटचा झटका ओढतो. भार कमी असला की पुरवठ्याचं सर्किटसुद्धा सलग न चालता थोडं चालतं, थोडं थांबतं. हे झटके सेकंदाला काही हजार वेळा येऊ लागले की ते थेट कानाच्या टप्प्यात येतात. करंट बदलला की कॉइलमधलं चुंबकीय बल बदलतं आणि तिची गुंडाळी किंचित थरथरते. सिरॅमिक कपॅसिटरमधला पदार्थ व्होल्टेजबरोबर अतिसूक्ष्म आकुंचन-प्रसरण पावतो. तो बोर्डाला घट्ट सोल्डर केलेला असल्यामुळे बोर्डही थरथरतो आणि तबल्याच्या पुडीसारखा आवाज मोठा करतो. नाव कॉइलचं असलं, तरी लॅपटॉपमध्ये गाणारा पुष्कळदा कपॅसिटरच असतो.

म्हणून पान सरकवताना किरकिर होते: प्रत्येक हालचालीला प्रोसेसर उठतो, चित्र बदलतो, पुन्हा झोपतो. एखादा मोठा व्हिडिओ रूपांतराला लावून पाहा. प्रोसेसरला झोपायला सवड मिळत नाही, त्यामुळे पंखा सुरू होण्याआधीच्या त्या काही क्षणांत किरकिर बदललेली किंवा पूर्ण थांबलेली कळते. गेममध्ये उलट घडतं. साध्या मेन्यूच्या पडद्यावरही ग्राफिक्स चिप सेकंदाला शेकडो चित्रं काढत राहते आणि सूर चढतो. गेमच्या सेटिंगमध्ये मर्यादा ६० वर आणली की तो बहुधा उतरतो. स्क्रीनचा उजेड कमी केल्यावरच गुणगुण येत असेल आणि पूर्ण उजेडात जात असेल, तर तो बॅकलाइटच्या सर्किटचा आवाज.

कामाबरोबर बदलणारा, एकसारख्या पोताचा हा आवाज म्हणजे बिघाड नव्हे. याने बोर्डाचं आयुष्य कमी होतं असं मानायला आधार नाही.

काळजी करायची ती वेगळ्या आवाजाची. तडतड अनियमित आहे, कामाशी तिचा संबंध नाही, जळका वास येतोय, पिन हलवली की ठिणगी किंवा चार्जिंग तुटतंय, अॅडॅप्टर हात ठेववत नाही इतका तापलाय, यांपैकी काहीही दिसलं तर भिंतीवरचं बटण बंद करून प्लग काढा आणि ते पुन्हा वापरू नका. फक्त अॅडॅप्टर गुणगुणत असेल तर आधी तो दुसऱ्या सॉकेटवर लावून पाहा. वीज गेल्यावर घरचा स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर सुरू झाला की चांगले अॅडॅप्टरही गुणगुणतात, आणि वीज आली की गप्प होतात. फुगलेली बॅटरी मात्र आवाज करत नाही. टचपॅड वर उचलला गेलाय किंवा खालचं झाकण नीट बसत नाही, हीच तिची खूण.

किरकिर निरुपद्रवी असली तरी ती सहन केलीच पाहिजे असं नाही. विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये Maximum processor state ९९ टक्के केलं की बहुतेक लॅपटॉपमध्ये टर्बो बंद होतो. काहींमध्ये यानं आवाज कमी होतो, पण वेगही कमी होतो. झोपेच्या अवस्थाच बंद करायचा उपायही लोक करतात. त्यानं बॅटरी लवकर संपते आणि मशीन तापतं, म्हणून मी तो सुचवणार नाही. कॉइलवर गोंद ओतायचा सल्ला तर साफ टाळावा. लॅपटॉपमधल्या बहुतेक कॉइल मुळातच साच्यात बंद असतात, आणि गाणारा कपॅसिटर असला तर गोंद चुकीच्या जागी पडतो. लॅपटॉप नवा असेल, तर शांत खोलीत पहिल्याच आठवड्यात ऐकून घ्या आणि परतीची मुदत असेपर्यंत बदलून मागा. त्याच मॉडेलच्या दोन मशीनमध्येही हा आवाज कमी-जास्त असतो. मुदत उलटल्यावर सर्व्हिस सेंटरने मदरबोर्ड बदलून दिला, तरी नवा बोर्ड गप्प असेलच असं नाही.