सहा-आठ-दहा, आठ-दहा-बारा

‘छातीत पाणी झालंय’ हे वाक्य आपण सगळ्यांनी कधी ना कधी ऐकलेले असते. हे पाणी फुप्फुसाच्या आत शिरलेले असते, असाच बहुतेकांचा समज असतो. खरे तर ते फुप्फुसाच्या बाहेर, त्याला वेढणाऱ्या दुपदरी आवरणाच्या दोन पदरांमध्ये साचते. या आवरणाला डॉक्टर प्लुरा म्हणतात. फुप्फुस जिथे संपते तिथेच प्लुरा संपत नाही, आणि छातीच्या तपासणीतले बरेचसे मर्म या फरकात आहे.

शांत श्वास घेत असताना फुप्फुसाची खालची कड पुढच्या बाजूला सहाव्या बरगडीवर, काखेच्या मध्यरेषेत आठव्या आणि मागे कण्याजवळ दहाव्या बरगडीवर असते. त्याच तीन जागी प्लुराची कड मात्र अनुक्रमे आठव्या, दहाव्या आणि बाराव्या बरगडीवर असते. म्हणजे सगळीकडे दोन बरगड्यांचे अंतर. या पट्ट्यात फुप्फुस नसते. प्लुराचे दोन पदर एकमेकांना चिकटून असतात, आणि खोल श्वास घेतला की फुप्फुस त्यांच्यामध्ये खाली सरकते. उभ्या किंवा बसलेल्या माणसाच्या छातीत पाणी होऊ लागले, तर ते आधी याच खोलगट जागेत उतरते.

बरगड्या मोजायच्या तर सुरुवात वरून करतात. छातीच्या मधल्या हाडावर, गळ्याच्या खळगीपासून काही बोटे खाली, एक आडवा उंचवटा हाताला लागतो. त्याच्या शेजारची बरगडी दुसरी. तिथून एकेक फट मोजत खाली यायचे. स्तनाग्रावरून अंदाज बांधणे, विशेषतः स्त्रियांमध्ये, भरवशाचे नसते. मागच्या बाजूला खांद्याच्या फऱ्याचे खालचे टोक साधारण सातव्या बरगडीच्या पातळीवर येते. ती तिथली खूण.

आता समजा, पस्तिशीचा एक माणूस आला आहे. तीन आठवडे संध्याकाळचा ताप, उजव्या कुशीत श्वासागणिक कळ. कळ आपोआप कमी झाली, पण आता जिना चढताना दम लागतो. घासणाऱ्या दोन पदरांमध्ये पाणी आले की दुखणे थांबते आणि दम सुरू होतो. त्यामुळे दुखणे थांबले म्हणजे बरे वाटतेय असे धरून चालत नाही.

डॉक्टर एक बोट छातीवर टेकवून दुसऱ्याने त्यावर ठोकतात. छाती ठोकून पाहण्याची मूळ कल्पना व्हिएन्नात काम करणाऱ्या लिओपोल्ड आउएनब्रुगर यांनी 1761 मध्ये छापली. हवा भरलेल्या फुप्फुसावर आवाज घुमतो, पाण्यावर तो एकदम बद्द येतो. या माणसाच्या पाठीवर उजवीकडे फऱ्याच्या टोकाच्या जरा खालीच आवाज बद्द झाला. घुमारा निदान दहाव्या बरगडीपर्यंत तरी मिळायला हवा होता.

पण उजवीकडे खाली यकृतही असते आणि त्यावरही आवाज बद्दच येतो. मग हे पाणी, की वर सरकलेले यकृत? डॉक्टर खोल श्वास घेऊन रोखायला सांगतात आणि पुन्हा ठोकतात. निरोगी माणसात बद्द आवाजाची सीमा साधारण तीन ते पाच सेंटीमीटर खाली सरकते. इथे ती हलली नाही. एवढ्यावर पाणी सिद्ध होत नाही, कारण लुळ्या पडलेल्या श्वासपटलातही ती हलत नाही. म्हणून पाठीवर तळहात ठेवून ‘एक-दोन-तीन’ म्हणवले. बोलण्याची थरथर हाताला लागली नाही. न्यूमोनियाने घट्ट झालेल्या फुप्फुसावर ती उलट वाढली असती. संशय पाण्यावर स्थिरावला.

पाणी काढण्यासाठी रुग्णाला बसवून पुढे झुकवतात आणि बद्दपणा सुरू होतो त्याच्या एक फट खाली, म्हणजे इथे आठव्या आणि नवव्या बरगडीच्या मध्ये, सुई घालतात. ती नवव्या बरगडीच्या वरच्या कडेला लगटून जाते, कारण प्रत्येक बरगडीच्या खालच्या कडेच्या खाचेतून रक्तवाहिन्या आणि नस जातात. नवव्या बरगडीच्या खाली गेल्यास श्वासपटलातून थेट यकृत गाठले जाण्याची भीती असते. हल्ली जागा सोनोग्राफीने पक्की करतात.

या मोजमापाला मर्यादा आहेत. पाणी थोडेच असेल तर बोटांना ते कळत नाही, सोनोग्राफीत मात्र दिसू शकते. दीर्घ धूम्रपानाने फुगलेल्या फुप्फुसाची कड मुळातच खाली गेलेली असते, त्यामुळे तिथे सहा-आठ-दहाचा हिशेब चुकतो. आणि रुग्ण आडवा असेल तर पाणी पाठीकडे पसरते, बद्दपणाची सीमा बदलते. म्हणूनच डॉक्टरांनी सदरा काढून, उठून बसून, पाठ दाखवायला सांगितले तर आळस करू नये. पुढून ऐकलेल्या छातीत पाठीमागच्या तळाचा पत्ता लागेलच असे नाही.