बुडालेली उधारी आणि बुडेलशी वाटणारी उधारी

मार्च संपत आला की पेढीवर येणेकऱ्यांची यादी निघते. काही नावांपुढे मुनीम निर्धास्तपणे खूण करतात, काहींपाशी पेन थबकतं. अमक्याचं दुकान बंद झालंय, फोन लागत नाही, चेक परत आलाय. या थबकलेल्या नावांचं वहीत काय करायचं, यावर त्या वर्षीचा आयकर काही प्रमाणात ठरतो. रस्ते दोन आहेत. रक्कम बुडेल अशी भीती वाटते म्हणून तरतूद करून ठेवायची, किंवा ती बुडालीच असं मानून खात्यातून काढून टाकायची. व्यापाऱ्याच्या मनात या दोन्हींत फारसा फरक नसतो. आयकर कायद्यात मात्र मोठा फरक आहे.

एक कल्पित उदाहरण घेऊ. लातूरच्या भुसार बाजारातली एक भागीदारी पेढी. तिने 2022-23 मध्ये परगावच्या एका दुकानदाराला पन्नास किलोच्या पोत्यांनी सहा लाखांची तूरडाळ उधार दिली. एवढ्या मोठ्या पोत्यातल्या डाळीवर जीएसटी नाही, म्हणून हिशेब सुटसुटीत राहतो. दुकानदाराने एक लाख दिले, पाच लाख राहिले. हे सहाही लाख पेढीने त्याच वर्षी विक्री म्हणून धरले आणि त्यातल्या नफ्यावर कर भरला. पैसे आले नाहीत, कर मात्र गेला.

2023-24 संपताना मुनिमांच्या लक्षात आलं की निम्मी रक्कम तरी धोक्यात आहे. त्यांनी अडीच लाखांची संशयित येण्यांसाठीची तरतूद केली. ती नफातोटा खात्याला नावे पडली आणि ताळेबंदात देण्यांच्या बाजूला जाऊन बसली. दुकानदाराच्या खात्यावर पूर्ण पाच लाख तसेच उभे राहिले. जमाखर्चाच्या शास्त्राप्रमाणे हे योग्यच आहे. संभाव्य तोटा आधीच धरून ठेवावा, नाहीतर भागीदार कागदावरचा नफा खरा समजून उचलून नेतात.

त्या वर्षी तरतुदीआधीचा नफा वीस लाख होता, तरतुदीनंतर वहीत साडेसतरा लाख दिसला. पण कराचा हिशेब करताना सीएने ते अडीच लाख पुन्हा मिळवले आणि करपात्र उत्पन्न वीस लाखच धरलं. भागीदारीला 30 टक्के कर आणि त्यावर 4 टक्के उपकर, म्हणजे एकूण 31.2 टक्के. कर झाला 6,24,000 रुपये. तरतुदीने एक पैसाही वाचला नाही.

याचं कारण असं की तरतूद हा अंदाज असतो आणि तो मालकाच्या हातात असतो. नफा जास्त झाला त्या वर्षी भीती जास्त वाटून घ्यायची, नफा कमी झाला की भीतीही कमी करायची, असं करता आलं तर कर भरण्याचं वर्ष जो तो आपल्या सोयीने ठरवील. म्हणून 1961 च्या आयकर कायद्यातल्या कलम 36(1)(vii) ने वजावट दिली ती फक्त ‘वसूल न होणारी म्हणून हिशेबात निर्लेखित केलेल्या’ येण्यांना. निर्लेखन म्हणजेच आपण बोलतो ते राइट ऑफ. 2001 मध्ये स्पष्टीकरण जोडून कायद्याने हेही लिहून टाकलं की अशा निर्लेखनात तरतूद मोडत नाही.

एके काळी निर्लेखनही पुरेसं नव्हतं. 1 एप्रिल 1989 पूर्वी येणं त्याच वर्षी बुडालं, हे करदात्याला सिद्ध करावं लागे. त्यात व्यापारी दोन्हीकडून अडके. लवकर मागितलं तर अधिकारी म्हणे, ‘अजून वसुलीची आशा आहे.’ उशिरा मागितलं तर म्हणे, ‘हे तर मागच्याच वर्षी बुडालं होतं.’ माणसाची पत नेमकी कोणत्या तारखेला संपली, हे कोण सांगणार? हे वाद मिटावेत म्हणून कायदा बदलला आणि सिद्ध करण्याची अट गेली. तरीही जुन्या सवयीने पुरावे मागितले जात राहिले. अखेर 9 फेब्रुवारी 2010 रोजी टीआरएफ लिमिटेडच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की 1989 नंतर येणं खरोखर बुडालं हे सिद्ध करण्याची गरज नाही, ते हिशेबात वसूल न होणारं म्हणून निर्लेखित केलं की पुरे. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळानेही 2016 मध्ये परिपत्रक काढून हे मान्य केलं. याचा अर्थ दावा ठोकलाच पाहिजे किंवा तीन वर्षं वाट पाहिलीच पाहिजे, अशी सक्ती आयकरासाठी नाही.

आता आपल्या पेढीकडे परत येऊ. 2024-25 मध्ये दुकानदार गाव सोडून गेल्याचं कळलं आणि पेढीने पूर्ण पाच लाख निर्लेखित केले. दुकानदाराच्या खात्याला पाच लाख जमा झाले आणि ते खातं मिटलं. नावे पडताना मात्र रकमेचे दोन भाग झाले. अडीच लाखांची तरतूद आधीच केलेली होती, ती वापरली गेली. उरलेले अडीच लाखच त्या वर्षीच्या नफातोटा खात्याला लागले.

बऱ्याच ठिकाणी चूक होते ती इथे. या व्यवहाराआधी त्या वर्षीचा नफा अठरा लाख होता, तो वहीत साडेपंधरा लाख झाला. साडेपंधरा लाख हेच उत्पन्न समजून विवरणपत्र भरलं, तर कर होतो 4,83,600 रुपये. पण निर्लेखन पाच लाखांचं झालंय आणि तरतुदीचे अडीच लाख मागच्या वर्षी करासाठी नाकारले गेलेत. ते आता वजा मागायचे असतात. खरं करपात्र उत्पन्न तेरा लाख आणि कर 4,05,600 रुपये. विसरण्याची किंमत 78,000 रुपये. ही चूक नफातोटा खात्यात दिसत नाही, तिथे अडीच लाखच असतात. ती पकडायची तर तरतुदीचं खातं उघडून वर्षभरात त्यातून काय वापरलं गेलं, ते पाहावं लागतं. म्हणून दर वर्षी नाकारलेल्या तरतुदीची एक नोंद कराच्या फाइलमध्ये जपून ठेवावी.

मग तरतूद आणि निर्लेखन यांतला फरक नुसत्या नावाचा आहे का? हा प्रश्नही 2010 मध्येच सर्वोच्च न्यायालयापुढे आला होता. जानेवारीत सदर्न टेक्नॉलॉजीज या वित्त कंपनीच्या खटल्यात न्यायालयाने सांगितलं की थकीत कर्जांसाठी केलेली तरतूद म्हणजे निर्लेखन नव्हे. एप्रिलमध्ये विजया बँकेचा खटला आला. बँकेने नफातोटा खात्याला रक्कम नावे टाकली होती आणि त्याच वेळी ताळेबंदात मालमत्तेच्या बाजूला कर्जांचा आकडा तेवढ्याने कमी करून दाखवला होता. प्रत्येक कर्जदाराचं खातं मात्र मिटवलं नव्हतं. न्यायालयाने हे निर्लेखन मानलं. कर्जदाराचं खातं मिटवलं तर वसुलीच्या दाव्यात त्याचाच तो फायदा घेईल, ही बँकेची भीतीही लक्षात घेतली गेली. म्हणजे कसोटी ताळेबंदात आहे. येण्यांचा आकडा जसाच्या तसा राहून समोर देण्यांकडे रक्कम बसली असेल तर ती तरतूद. येण्यांचा आकडाच उतरला असेल तर ते निर्लेखन. छोट्या पेढीने मात्र या बारकाव्यावर विसंबण्यापेक्षा ज्याचं त्याचं खातं सरळ निर्लेखित करावं, म्हणजे वादच उरत नाही. बँकांसाठी कायद्यात तरतुदीलाही ठरावीक मर्यादेपर्यंत वजावट देणारं वेगळं कलम आहे, ते व्यापाऱ्याला लागू नाही.

पुरावा मागितला जात नाही म्हणून वाटेल ते येणं निर्लेखित करता येतं, असं मात्र नाही. सगळ्यात महत्त्वाची अट अशी की ते येणं या किंवा मागच्या एखाद्या वर्षी उत्पन्नाच्या हिशेबात धरलेलं असलं पाहिजे, नाहीतर ते सावकारी किंवा बँकिंगच्या धंद्यात दिलेलं कर्ज असलं पाहिजे. डाळ विकणाऱ्याने मेव्हण्याला दिलेले हातउसने या वजावटीत बसत नाहीत. जो डॉक्टर फी हातात आल्यावरच उत्पन्न धरतो, त्याची फी बुडाली तरी वजावट नाही, कारण ती उत्पन्नात आलेलीच नव्हती. जो दुकानदार उलाढालीच्या ठरावीक टक्क्यांनी, कलम 44एडीखाली उत्पन्न दाखवतो, त्यालाही बुडीत येणं वेगळं मागता येत नाही, त्या टक्क्यात सगळे खर्च आल्याचं कायदा धरतो. आणि निर्लेखन प्रामाणिक असलं पाहिजे. भावाच्या फर्मचे चार लाख मार्चमध्ये निर्लेखित केले आणि एप्रिलमध्ये तिलाच पुन्हा उधार माल पाठवला, तर अधिकारी विचारणारच की हे येणं बुडालं कुठे?

जीएसटी लागणाऱ्या मालात आणखी एक दुखणं आहे. ग्राहकाने पैसे बुडवले, एवढ्याच कारणाने सरकारला भरलेला जीएसटी परत मिळत नाही.

निर्लेखन म्हणजे माफी, हा गैरसमज बँकांच्या बातम्यांमुळे पक्का झाला आहे. निर्लेखन ही आपल्या वहीतली, आपल्यापुरती नोंद आहे. देणेकऱ्याची जबाबदारी तिने संपत नाही आणि मुदतीत दावा करण्याचा हक्कही जात नाही. आपल्या पेढीने मागे लागणं सोडलं नाही, आणि 2025-26 मध्ये त्या दुकानदाराच्या मुलाने ऐंशी हजार आणून दिले. पूर्ण पाच लाखांची वजावट मिळालेली असल्यामुळे हे ऐंशी हजार कलम 41(4) प्रमाणे त्या वर्षीचं उत्पन्न झालं आणि त्यावर 24,960 रुपये कर लागला. म्हणून वहीत मिटलेल्या खात्यांची एक वेगळी यादी ठेवावी लागते. नाहीतर असे पैसे आले की ते कोणत्या खात्याला जमा करायचे, हे कुणालाच आठवत नाही.

1 एप्रिल 2026 पासून 2025 चा नवा आयकर कायदा लागू होतो. कलमांचे आकडे बदलतात, पण निर्लेखनाला वजावट देण्याचं तत्त्व तेच आहे. तेव्हा मार्चअखेरीला यादीतल्या नावापाशी पेन थबकलं की मुनिमांनी स्वतःला एवढंच विचारावं: हे पैसे येणार नाहीत याची मला भीती वाटते, की मी ते सोडून दिले आहेत? भीती वाटत असेल तर तरतूद करावी आणि करात सवलत धरू नये. सोडून दिले असतील तर 31 मार्चच्या आत त्या खात्याला जमेची नोंद पडलीच पाहिजे. एप्रिलमध्ये लक्षात आलं, तर वजावट एक वर्ष पुढे गेली.